क्रिएटिनिन किती वाढलं तर घाबरायचं?

"बीपीची गोळी सुरू केली आणि तीन आठवड्यांत क्रिएटिनिन वाढलं. म्हणजे ही गोळीच किडनी खराब करतेय ना? मी ती बंद केली. बरोबर केलं ना?"

ज्यांच्या तोंडी हे शब्द आहेत ते गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, मधुमेह नऊ वर्षांचा. असा प्रश्न विचारणारे ते एकटे नाहीत. 'सार्टन' किंवा 'प्रिल'वर संपणाऱ्या नावाच्या गोळ्या ज्यांना नव्याने दिल्या जातात, त्यांतले बरेच जण पहिला रिपोर्ट हातात आला की याच वळणावर येऊन थांबतात. म्हणून समुपदेशनाच्या चार-पाच भेटींत त्यांच्याशी झालेलं बोलणं इथे थोडक्यात मांडतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ. गोळीआधी क्रिएटिनिन 1.1, पोटॅशियम 4.5. टेल्मिसार्टन 40 सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.3, पोटॅशियम 5.4. नवे दोन्ही आकडे त्यांनी लाल पेनाने गोल केले होते. गोळी बंद होऊन पाच आठवडे झाले होते आणि त्या दिवशी बीपी 156/94 भरलं.

"बंद केल्यावर काही त्रास झाला का?" मी विचारलं.

"काहीच नाही. उलट मनाला बरं वाटलं."

त्रास होणारच नव्हता. या गटातली गोळी थांबवली की तिचा परिणाम काही दिवसांत हळूहळू ओसरतो आणि बीपी गुपचूप जुन्या जागी येऊन बसतं. वाढलेलं बीपी सहसा दुखत-खुपत नाही. त्यामुळे बरं वाटणं हा पुरावा धरता येत नाही.

अशा वेळी "काळजी करू नका" म्हणणं मला पटत नाही. ज्याने दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना केली आहे, त्याला दिलासा देऊन भागत नाही, त्याला कारण हवं असतं. म्हणून आम्ही सुरुवात मूत्रपिंडापासून केली.

बीपी सांभाळायला शरीराकडे दोन यंत्रणा आहेत. एक झटपट. माणूस अंथरुणातून उठून उभा राहिला की मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांमधले संवेदक दाब उतरल्याचं मेंदूला कळवतात, आणि काही सेकंदांत नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. दुसरी यंत्रणा सावकाश चालते आणि तिची दोरी मूत्रपिंडाच्या हातात असते. तिथल्या काही पेशींना दाब कमी पडल्याचं जाणवलं, किंवा गाळून येणाऱ्या पाण्यात मीठ कमी दिसलं, की त्या रेनिन नावाचं विकर रक्तात सोडतात. यकृताने बनवलेलं एक प्रथिन रक्तात फिरत असतं. रेनिन त्याचा एक तुकडा तोडतं, तो अँजिओटेन्सिन-एक. हा जवळजवळ निरुपद्रवी. मग मुख्यतः फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई नावाचं विकर त्याला आणखी कापतं आणि अँजिओटेन्सिन-दोन तयार होतं. खरा कर्ता हा. तो रक्तवाहिन्या आवळतो, तहान लावतो, आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतो. अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी शरीरात राखतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं.

'प्रिल' गोळ्या एसीईला अडवतात, म्हणजे अँजिओटेन्सिन-दोन कमी बनतं. तेच विकर ब्रॅडिकिनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो साचला की काहींना कोरडा खोकला लागतो, आणि बऱ्याचदा त्यासाठीच डॉक्टर 'सार्टन'कडे वळतात. 'सार्टन' गोळ्या अँजिओटेन्सिन-दोन तयार होऊ देतात, पण तो जिथे जाऊन बसतो ती जागाच अडवतात.

"हे सगळं बीपीचं झालं," ते म्हणाले. "क्रिएटिनिनचं काय?"

इथे मी कागदावर एक चित्र काढतो. मूत्रपिंडात रक्त गाळणारे बारीक केशवाहिन्यांचे पुंजके असतात, दोन्ही मूत्रपिंडांत मिळून लाखो. प्रत्येक पुंजक्यात रक्त आणणारी एक वाहिनी आणि बाहेर नेणारी एक. बागेतल्या भोकं असलेल्या पाइपाचं पुढचं तोंड चिमटलं की भोकांतून पाणी जोरात उडतं, तसं बाहेर नेणारी वाहिनी आवळली की पुंजक्यातला दाब वाढतो आणि जास्त रक्त गाळलं जातं. अँजिओटेन्सिन-दोन सगळ्यात जास्त आवळतो ती नेमकी हीच वाहिनी. मधुमेहात तर आणणारी वाहिनीही गरजेपेक्षा सैल झालेली असते. आत येणारं जास्त आणि बाहेरची वाट अरुंद, म्हणून पुंजके वर्षानुवर्षं जादा दाबाखाली काम करतात. त्या दाबाने चाळणी ताणली जाते आणि एरवी रक्तातच राहायला हवं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं.

गोळीने बाहेरची वाट मोकळी होते. पुंजक्यातला दाब उतरतो, गाळण थोडी कमी होते, आणि गाळण कमी झाली की रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर जातं.

ते बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग फाइलमधून तिसरा कागद काढला. गोळी सुरू करण्याआधीचा, लघवीतल्या अल्ब्युमिनचा. आकडा 310 होता, तीसच्या आत असायला हवा. या कागदावर लाल पेन फिरलेलं नव्हतं.

"म्हणजे खराबी इथे होती," ते हळूच म्हणाले, "आणि क्रिएटिनिन वाढलं ते दाब उतरला म्हणून?"

"एवढंच वाढलं असेल तर, हो."

समुपदेशनात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण, माणूस स्वतः चुकीच्या कागदावरून नजर उचलून योग्य कागदावर नेतो तो. आणि माझ्या मते चित्र त्याच्यासमोर काढल्याशिवाय तो येत नाही. छापील माहितीपत्रक हातात देऊन तर नाहीच.

पण 'एवढंच' म्हणजे किती, हे सांगितल्याशिवाय बोलणं अर्धं राहतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर क्रिएटिनिन आधीच्या आकड्यापेक्षा तीस टक्क्यांपर्यंत वाढलं आणि तिथेच स्थिरावलं, तर सहसा गोळी चालू ठेवतात. गणित मी त्यांनाच करायला लावलं. 1.1 चे तीस टक्के 0.33, म्हणजे त्यांची रेषा साधारण 1.43 वर. त्यांचं क्रिएटिनिन 1.3 होतं, वाढ अठरा टक्के. ही तुलना करताना दोन्ही तपासण्या एकाच प्रयोगशाळेतल्या असाव्यात, कारण 0.1 चा फरक नुसत्या यंत्र बदलण्यानेही पडतो.

आकडा रेषेच्या पलीकडे गेला, किंवा प्रत्येक तपासणीत चढतच राहिला, तर कारण शोधावं लागतं. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील, तर आत येणारं रक्तच अपुरं असतं. तिथे गाळण चालू राहते ती बाहेरची वाट आवळलेली असते म्हणूनच. ती मोकळी केली की गाळण कोसळते. अशा रुग्णाचं क्रिएटिनिन ठळक उडी मारतं आणि त्याला ही गोळी चालत नाही. मूत्रपिंडाची धमनी अरुंद केली की बीपी चढतं, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. रेनिनच्या यंत्रणेकडे संशोधकांचं लक्ष पुन्हा वळलं ते त्यानंतर.

उरलं पोटॅशियम. 5.4 हा आकडा मला क्रिएटिनिनपेक्षा जास्त खटकला होता. गोळीने अल्डोस्टेरॉन कमी होतं, त्यामुळे पोटॅशियम थोडं चढणं अपेक्षितच. पण 5.5 ओलांडलं तर डॉक्टरांना डोस आणि बाकीची औषधं तपासावी लागतात, आणि सहाच्या वर गेलं तर गोळी थांबवावी लागते, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पुढच्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि स्वयंपाकघरातलं मीठ घेऊन या, असं मी सांगितलं. मिठाचं ऐकून ते हसले. पण पाकिटावर 'लो सोडियम' लिहिलेलं होतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड. बीपीसाठी म्हणून पत्नीने मुद्दाम आणलेलं. ज्यांचं मूत्रपिंड ठणठणीत आहे आणि जे ही गोळी घेत नाहीत, त्यांना ते चालतं. यांच्यासाठी ते नको होतं. आधीचंच मीठ, पण कमी, एवढं ठरलं.

गोळ्यांच्या पिशवीत गुडघेदुखीसाठीची डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली स्ट्रिपही निघाली. "ही तर कधीतरीच घेतो," ते म्हणाले. कधीतरीही नको, असं मी का म्हणालो ते सांगतो. पुंजक्यात रक्त आणणारी वाहिनी गरजेच्या वेळी सैल राहते ती शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या पदार्थामुळे, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या तेच बंद पाडतात. आता आत येणारी वाट आवळलेली आणि बाहेर जाणारी मोकळी. त्यात लघवीची गोळी चालू असेल किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर मूत्रपिंड एका आठवड्यात अडचणीत येऊ शकतं. 'गोळीने किडनी गेली' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हकिगती नीट विचारून पाहिल्या, की त्यांच्या मागे अनेकदा असं त्रिकूट निघतं. गुडघ्यासाठी दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायचा, असं त्यांनी स्ट्रिपवरच लिहून ठेवलं.

उलट्या-जुलाबांच्या दिवसांत काय करायचं, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. पोटात पाणीही टिकत नसेल तेवढे दिवस बरेच डॉक्टर ही गोळी थांबवायला सांगतात आणि खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा चालू करायला. ते पुन्हा चालू करणंच लोक विसरतात. आणखी दोन गोष्टी. गर्भारपणात 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही वर्ज्य आहेत, बाळाच्या मूत्रपिंडाला त्यांनी इजा होते, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. आणि ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर पुढची गोळी न घेता थेट तातडीच्या विभागात जावं.

गोळी पुन्हा सुरू करायची की नाही हे सांगणं माझं काम नाही. मी त्यांना तिन्ही कागद, मिठाचं पाकीट आणि ती स्ट्रिप घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन 40 पुन्हा सुरू केली आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन 1.3, पोटॅशियम 4.8. तीन महिन्यांनी घरच्या मशीनवर बीपी 136/84 च्या आसपास येत होतं, क्रिएटिनिन 1.3 वरच होतं आणि लघवीतलं अल्ब्युमिन 310 वरून 170 वर आलं होतं. अजूनही ते जास्तच, म्हणून डॉक्टरांनी डोस 80 केला. "आता पंधरा दिवसांनी परत रक्त," शेवटच्या भेटीत त्यांनीच मला सांगितलं, "आणि या वेळी मोजायचं ते 1.3 पासून, म्हणजे 1.69 पर्यंत."

"आणि पोटॅशियम?"

"साडेपाचच्या आत."