बाणाला आकडा हवा

‘मॅडम, टूल तयार आहे, डेटा घ्यायला जायचंय. पण गाइड म्हणतात, कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क अभ्यासाशी जुळत नाही. आकृती तर मॉडेलप्रमाणेच काढली आहे. चुकतंय कुठे?’

संशोधन करणाऱ्या इतक्या विद्यार्थिनी ही चिंता घेऊन येतात की त्यातल्या एकीची गोष्ट सविस्तर सांगते. तिचा विषय होता मधुमेही रुग्णांची पायाची काळजी आणि त्यासाठीचा शिक्षण कार्यक्रम. आकृती हेल्थ बिलीफ मॉडेलची होती. टूल म्हणून हातात ज्ञानाची प्रश्नावली आणि पायाच्या काळजीची चेकलिस्ट.

मी ‘जाणवणारे अडथळे’ या चौकटीवर बोट ठेवलं. ‘याचा गुण कुठल्या प्रश्नांतून येणार?’

‘असा प्रश्न नाहीये.’

‘आणि ज्ञान आकृतीत कुठे आहे?’

तिने बराच वेळ शोधलं. या मॉडेलमध्ये वर्तन बदलतं ते धोका, गांभीर्य, फायदे, अडथळे आणि स्व-क्षमता यांबद्दलच्या समजुतींमुळे. ज्ञान बाजूच्या, समजुतींवर परिणाम करणाऱ्या घटकांत बसतं. म्हणजे आकृती समजुतींबद्दल बोलत होती आणि टूल ज्ञान मोजत होतं. मॉडेल बदला किंवा मापन बदला, दोनच वाटा होत्या. तिने मापन बदललं.

मग कोऱ्या कागदावर चार रकाने आखले: मॉडेलमधली संकल्पना, या अभ्यासात तिचा अर्थ, टूलमधले प्रश्न, गुणांची मर्यादा. अडथळ्यांच्या ओळीत तिने लिहिलं, ‘रोज पाय तपासताना रुग्णाला येणारी अडचण’. त्याखाली नीट न दिसणं, वाकता न येणं, वेळ नसणं अशी 5 विधानं, प्रत्येकी 1 ते 5 गुण, एकूण 5 ते 25. जास्त गुण म्हणजे जास्त अडथळे, हेही लिहून घेतलं. नाहीतर विश्लेषणात दिशा उलटते. स्व-क्षमतेची 6 विधानं, 6 ते 30 गुण. दोन्हींची बेरीज करायची नाही, कारण एकत्र केलेला आकडा कुठल्याच चौकटीचा राहत नाही.

धोका, गांभीर्य आणि फायदे ती मोजणार नव्हती. त्या चौकटी तुटक रेषेत गेल्या आणि खाली टीप आली: ‘अभ्यासात समाविष्ट नाही’. वय, शिक्षण, मधुमेहाची वर्षं ही माहितीपत्रकातून आली, ज्ञानही त्यांच्याच शेजारी बसलं.

एवढं झाल्यावर ती बाणांकडे पाहत म्हणाली, ‘म्हणजे प्रत्येक ठळक बाण माझं गृहीतक आहे!’ मला याच क्षणाची वाट असते. सिद्धांताकडून मापाकडे उतरत जाण्याचा माझा आग्रह इथे फळतो. कार्यक्रमाकडून अडथळ्यांकडे जाणारा बाण: त्याच रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे गुण, पेअर्ड टी-टेस्ट. अडथळ्यांकडून काळजीकडे जाणारा बाण: सहसंबंध, आणि तो ऋण येणं अपेक्षित. मात्र तुलना गट नसेल, तर पहिल्या बाणातला बदल कार्यक्रमामुळेच झाला असं म्हणता येत नाही, आणि सहसंबंधावरून दुसऱ्यातलं कारणही ठरत नाही. हे तिने मर्यादांमध्ये लिहिलं.

शेवटी टूल उलटं तपासलं. ‘घरच्यांची मदत मिळते का?’ या प्रश्नाला चौकटच नव्हती. तो काढला.