जुने कन्सोल 240p का देतात, आणि नव्या टीव्हीवर ते बिघडतं का?

प्रश्न: माझा सुपर निन्टेन्डो जुन्या ट्यूब टीव्हीवर छान दिसतो, पण एलसीडीवर हलत्या आकृत्यांच्या कडा दातेरी होतात. पीएस2 चं असं होत नाही. का?

उत्तर: एनटीएससी प्रसारणात एका फील्डमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र रेखाटण्याच्या एका फेरीत, 262.5 ओळी असतात. त्या अर्ध्या ओळीमुळे पुढचं फील्ड आधीच्या ओळींच्या मधे बसतं; हेच इंटरलेसिंग, म्हणजे 480i. पीएस2 चे बहुतेक गेम हेच देतात.

सुपर निन्टेन्डो मात्र सहसा पूर्ण 262 ओळी पाठवतो. अर्धी ओळ गेली की प्रत्येक फील्ड त्याच जागी उमटतं; हेच 240p. चित्र सेकंदाला साधारण 60 वेळा पूर्ण बदलतं, थरथरत नाही. ट्यूबला वेगळं काही करावं लागत नाही, मधल्या ओळी फक्त काळ्या राहतात.

बरेच एलसीडी हा फरक ओळखत नाहीत. ते 240p लाच 480i समजून दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकात विणतात, म्हणून कडा दातेरी. खात्री करायची तर मार लागल्यावर लुकलुकणारं पात्र बघा: लुकलुकण्याऐवजी ते आडव्या पट्ट्यांत दिसलं, तर दोष टीव्हीचाच. 240p ओळखणारा स्केलर मधे लावा. साधा एचडीएमआय कन्व्हर्टर बहुधा तीच चूक करतो.