एकच मास्टर रेझ्युमे आणि तीन प्रकारचे अर्ज: मेळ कसा राखायचा

प्रश्न: पुण्यात एमआयएस एक्झिक्युटिव्ह आहे, सहा वर्षांचा अनुभव. डेटा अ‍ॅनालिस्ट, बिझनेस अ‍ॅनालिस्ट आणि ऑपरेशन्स टीम लीड अशा तिन्ही जागांना अर्ज करतोय. प्रत्येक जेडीप्रमाणे रेझ्युमे बदलता बदलता आता माझेच रेझ्युमे एकमेकांशी जुळत नाहीत. मास्टर रेझ्युमे नक्की कसा ठेवायचा?

उत्तर:

मी भरतीच्या कामात आहे. ऑफर दिल्यानंतर होणाऱ्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे कागदही माझ्याकडे येतात, त्यामुळे न जुळणारे रेझ्युमे बरेच बघितलेत. जेडीप्रमाणे रेझ्युमे बदलण्यात काही गैर नाही. घोळ होतो तो मागच्या रेझ्युमेची कॉपी काढून पुढचा बनवल्याने. अ‍ॅनालिस्टची फाइल उघडून चार ओळी बदलल्या की बिझनेस अ‍ॅनालिस्टची म्हणजे बीएची झाली, तीच पुन्हा बदलून टीम लीडची झाली. मधेच कधीतरी एक तारीख सुधारली, ती फक्त तिसऱ्या फाइलमध्ये. पहिल्या दोन फाइल्स तोवर पाठवूनही झालेल्या असतात.

म्हणून पहिला नियम: नवा रेझ्युमे नेहमी मास्टरमधूनच काढायचा, आधीच्या रेझ्युमेवरून कधीच नाही. आणि एखादा अर्ज लिहिताना चांगलं वाक्य सुचलं किंवा आकडा दुरुस्त करावासा वाटला, तर आधी मास्टरमध्ये बदल करायचा, मग तिथून उचलायचा. मास्टर कोणाला पाठवायचा नसतो, त्यामुळे तो सात पानांचा आणि दिसायला ओबडधोबड असला तरी चालतो. साधी वर्ड फाइल पुरे. तिचे दोन भाग करा.

पहिला भाग कुलूपबंद. यात कंपनीचं नाव, हुद्दा, रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना, शिक्षण, प्रमाणपत्रं. हे आठवणीतून लिहू नका, कागद समोर घेऊन लिहा. ऑफर लेटरवरची तारीख आणि प्रत्यक्ष रुजू झाल्याची तारीख बरेचदा वेगळी असते. राजीनामा दिला तो महिना आणि रिलीव्हिंग लेटरवरचा महिना यांत नोटीस पिरियडचं अंतर असतं. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून `View > Service History` बघा. पडताळणी करणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा हीच नोंद मागतात, तेव्हा ती तुम्ही त्यांच्या आधी पाहिलेली बरी.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक म्हणजे थर्ड पार्टी पेरोल. बसायचं क्लायंटच्या ऑफिसात, पण पगार स्टाफिंग कंपनीकडून. मग एका रेझ्युमेत क्लायंटचं मोठं नाव येतं, दुसऱ्यात स्टाफिंग कंपनीचं. पीएफच्या नोंदीत आणि फॉर्म 26एएसमध्ये मात्र पगार देणाऱ्या कंपनीचंच नाव असतं. यावर उपाय साधा आहे. सगळीकडे आधी पेरोलवाल्या कंपनीचं नाव आणि त्याच ओळीत पुढे ‘क्लायंट: अमुक’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहायच्या.

दुसरं हुद्द्याचं. तुमच्या पत्रावर एमआयएस एक्झिक्युटिव्ह असेल तर अ‍ॅनालिस्टच्या अर्जात ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ आणि लीडच्या अर्जात ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ असं करू नका. हुद्दा पत्रावरचाच ठेवायचा. त्याखाली कामाची एक ओळ असते, जसं ‘विक्री विभागाचं डेटा विश्लेषण आणि डॅशबोर्ड’, ती जेडीप्रमाणे बदलली तरी कोणी हरकत घेत नाही. नोकऱ्यांची यादीसुद्धा प्रत्येक रेझ्युमेत तीच. पाच महिन्यांची एखादी नोकरी एकात आहे आणि एकात गायब, असं झालं की तिथे गॅप दिसते आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये ती नोकरी लिहावीच लागते. नको वाटत असेल तर तिच्याखाली एकच ओळ ठेवा, पण नोकरी काढू नका.

मास्टरचा दुसरा भाग म्हणजे कामांच्या नोंदी, आणि खरी मेहनत इथे आहे. प्रत्येक कामाची नोंद एकदाच करायची, पण पूर्ण: आधी काय होतं, नंतर काय झालं, मी स्वतः काय केलं, इतरांनी काय केलं, आकडा कुठून आला. एक उदाहरण घेऊ. तुमचं खरं काम थोडं वेगळं असेल, पण पद्धत हीच.

समजा महिन्याचा विक्री अहवाल आधी दोन दिवसांत तयार व्हायचा, म्हणजे 16 तास. तुम्ही एक्सेलमधली हाताने करायची जोडाजोड काढून एसक्यूएल क्वेऱ्या लिहिल्या, पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड केला, आणि आता तेच काम अर्ध्या दिवसात म्हणजे 4 तासांत होतं. डॅशबोर्डवर काय हवं हे ठरवायला तुम्ही विक्री विभागाच्या मॅनेजरांशी बोललात. नंतर दोन नवीन मुलांना हे काम शिकवलंत. त्यांचं अप्रेझल मात्र तुमचा मॅनेजर करायचा. ही सगळी माहिती एकाच नोंदीत लिहा.

आता या एका नोंदीतून तीन ओळी निघतात. अ‍ॅनालिस्टसाठी: ‘एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून मासिक विक्री अहवालाचा वेळ 16 तासांवरून 4 तासांवर आणला.’ बीएसाठी: ‘विक्री व्यवस्थापकांकडून गरजा समजून घेऊन मासिक अहवालासाठी डॅशबोर्डची रचना केली, अहवालाचा वेळ 16 वरून 4 तास.’ लीडसाठी: ‘मासिक अहवालाची नवी पद्धत बसवली आणि दोन सहकाऱ्यांना प्रशिक्षण देऊन काम त्यांच्याकडे सोपवलं.’ तिन्ही ओळी वेगळ्या आहेत आणि तिन्ही एकाच टेबलावर ठेवल्या तरी भांडत नाहीत.

भांडण कुठे लागतं ते आता बघा. 16 चे 4 तास म्हणजे महिन्याला 12 तास वाचले, टक्क्यांत 75, वर्षाला 144 तास. एका रेझ्युमेत ‘75 टक्के’, दुसऱ्यात ‘वर्षाला 150 तास’, तिसऱ्यात ‘80 टक्के’ असं गोल करत गेलात की प्रत्येक आकडा खऱ्याच्या जवळ असूनही एकत्र वाचताना तिन्ही खोटे वाटतात. मास्टरमध्ये आकड्याचं एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. मी ‘16 वरून 4’ हेच निवडीन. टक्के ऐकले की मुलाखत घेणारा ‘कशाचे?’ विचारतोच.

त्याहून जास्त घात क्रियापदं करतात. अ‍ॅनालिस्टच्या रेझ्युमेत ‘एकट्याने तयार केला’ आणि लीडच्या रेझ्युमेत ‘दोघांच्या टीमचं नेतृत्व करून तयार केला’ असं असेल तर यातलं एक खोटं आहे. वरच्या नोंदीत तुम्ही काम शिकवलंत, अप्रेझल केलं नाहीत, म्हणून ‘प्रशिक्षण दिलं’ चालेल, ‘टीम सांभाळली’ चालणार नाही. माझ्या मते प्रत्येक नोंदीखाली ‘चालणारे शब्द’ आणि ‘न चालणारे शब्द’ अशी एक ओळ लिहून ठेवावी. जेडीत ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’ असेल तर तुम्ही मॅनेजरांशी बोलून गरजा लिहून घेतल्या होत्या, तेव्हा तो शब्द हक्काने घ्या. ‘यूएटी’ असेल आणि तुम्ही फक्त डॅशबोर्ड दाखवून ‘बरोबर आहे ना?’ एवढंच विचारलं असेल, तर तो तुमचा शब्द नाही. रात्री अकराला घाईत अर्ज भरताना हा निर्णय घेण्यापेक्षा आधीच घेतलेला बरा.

वर्षांचीही एक छोटी गंमत. ‘एसक्यूएल: 4 वर्षं’ ही ओळ पुढच्या वर्षी आपोआप चुकीची होते, आणि जुन्या-नव्या रेझ्युमेत 4 आणि 6 असे आकडे फिरत राहतात. त्याऐवजी ‘2021 पासून’ लिहा. ते शिळं होत नाही.

करिअर ऑब्जेक्टिव्ह सरळ काढून टाका. ‘डेटामध्येच पुढे जायचंय’ आणि ‘लोकांना घेऊन काम करायला आवडतं’ ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या दोन अर्जांत दिसली की वाचणारा हसतो.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन यांवरची तुमची प्रोफाइल मात्र सगळ्यांना एकच दिसते, आणि रेझ्युमे हातात असताना ती उघडून बघितली जातेच. म्हणून प्रोफाइल सर्वांत व्यापक ठेवा. कुठल्याही रेझ्युमेत प्रोफाइलवरच्या गोष्टींपेक्षा कमी असलं तर चालेल, पण विरोधात जाणारं काही नको.

पाठवलेल्याचा हिशोबही लागतो. प्रत्येक अर्जाचा एक फोल्डर करा. त्यात पाठवलेली पीडीएफ आणि जेडीचा मजकूर, दोन्ही ठेवा. जागा बंद झाली की जेडी साइटवरून उडते आणि मुलाखतीचा फोन त्यानंतर येतो, म्हणून तो कॉपी करून ठेवणं गरजेचं.

```
2025-06-12_CompanyName_BusinessAnalyst/
    Firstname_Surname_Resume.pdf
    JD.txt
```

तारीख आणि पदाचं नाव फोल्डरला, फाइलला फक्त तुमचं नाव. ‘Final_v7_BA’ असं फाइलचं नाव समोरच्याला दिसू नये. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल तर तिचं नावही टिपून ठेवा. एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींनी तुमचे दोन रेझ्युमे पाठवले की कोणाचा धरायचा यावर वाद होतो आणि काही वेळा दोन्ही बाजूला पडतात.

एकाच कंपनीत दोन जागांना अर्ज करणार असाल तर वेगवेगळे रेझ्युमे देऊच नका. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ईमेल आणि मोबाइल नंबरवरून तुमचे जुने अर्ज सहसा एकाच नावाखाली दिसतात. तिथे दोन्ही जागांना चालेल असा एकच मिश्र रेझ्युमे द्या.

पाठवण्याआधीची तपासणी दहा मिनिटांची आहे. नवी पीडीएफ आणि मागच्या दोन पीडीएफ शेजारी उघडा. पूर्ण वाचू नका, डोळे सरावलेले असतात. आधी फक्त आकडे आणि तारखा जुळवा, मग फक्त क्रियापदं.

आता जे रेझ्युमे आधीच गेलेत त्यांचं काय, तर तारीख, हुद्दा किंवा कंपनीचं नाव चुकलं असेल तिथेच धावपळ करा. एचआरला दोन ओळींचं मेल टाका: ‘रेझ्युमेत रुजू होण्याचा महिना चुकून मार्च लिहिला होता, पत्राप्रमाणे तो एप्रिल आहे, सुधारित प्रत जोडली आहे.’ पडताळणीचा फॉर्म भरण्याआधी हे मेल गेलं तर सहसा कोणी काही म्हणत नाही. तोच फरक पडताळणीच्या अहवालात निघाला, तर तो आमच्याकडे ‘तफावत’ म्हणून नोंदवला जातो आणि मग ऑफर पुढे न्यायची की नाही हे ठरवायला फाइल वर जाते.