पेसिंगला 'गती' म्हणावं की 'लय'?

प्रश्न: हातमागाच्या सुती कुर्त्यांचं आमचं नवं लेबल येतंय. त्यासाठी ४५ सेकंदांचा व्हिडिओ करायला फ्रीलान्स एडिटरला मराठीतून ब्रीफ पाठवला. "गती संथ ठेवा, टोन उबदार ठेवा," एवढं लिहून सोबत दृश्यांची यादी दिली. आलेल्या व्हिडिओत सगळंच स्लो मोशनमध्ये आहे आणि कोऱ्या रंगाचं कापड हळदीत बुडवल्यासारखं दिसतंय. पेसिंग आणि टोन यांना मराठीत नेमकं काय म्हणायचं?

उत्तर: पेसिंगला 'लय' म्हणा. टोनला मात्र एकच शब्द शोधू नका, कारण त्या एका शब्दात तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या होत्या. तुमच्या एडिटरनं तुमचे शब्द अगदी सरळ वाचले आहेत.

गती हलणाऱ्या वस्तूची असते. गाडीची गती, वाऱ्याची गती, तशी चालणाऱ्या मुलीची गती. ती संथ करा म्हटलं की एडिटर क्लिपचा वेग निम्म्यावर आणणार, म्हणजे मुलगी पाण्यात चालल्यासारखी चालणार. तुम्हाला हवं होतं ते वेगळं: एक शॉट पुरेसा वेळ डोळ्यांसमोर राहावा आणि मग पुढचा यावा. दोन कटांमधल्या या अंतराला आपल्याकडे गाण्यातला शब्द तयार आहे, लय. संथ लयीच्या व्हिडिओतही मागावर आडवा धागा नेणारा धोटा त्याच्या नेहमीच्या झपाट्यानं इकडून तिकडे पळू शकतो. उलट स्लो मोशनचे शॉट भराभर कापले तर लय द्रुतच राहते.

म्हणून ब्रीफमध्ये क्रियापद बदला. 'शॉट संथ करा' नको, 'शॉट धरा' लिहा. एडिटिंगच्या टेबलावर 'होल्ड कर' म्हणतात, त्याचंच हे मराठी. आणि स्लो मोशन एखाद्या ठिकाणी खरंच हवं असेल तर आधी ते शूटिंग कसं झालंय ते पाहा. सेकंदाला ५० फ्रेमनं घेतलेला शॉट २५ फ्रेमच्या व्हिडिओत निम्म्या वेगानं चालवला तर मऊ दिसतो. मुळात २५ नं घेतलेला शॉट निम्म्यावर आणला तर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि हालचाल अडखळते. तुमच्या व्हिडिओत धोटा झटके देत पळत असेल तर हेच झालं आहे.

लय शब्दाचा आणखी एक फायदा असा की त्याच्यासोबत ठाय म्हणजे संथ लय, दुगुण म्हणजे दुप्पट लय, हे शब्द येतात आणि ते इथे चपखल बसतात. तुमचाच व्हिडिओ घेऊ. समजा, संगीत मिनिटाला ७५ ठोक्यांचं आहे. म्हणजे एक मात्रा ०.८ सेकंदाची, २५ फ्रेमच्या हिशोबात बरोबर २० फ्रेम. सोळा मात्रांचं एक आवर्तन १२.८ सेकंदांचं होतं. तीन आवर्तनांत ३८.४ सेकंद जातात, उरलेले ६.६ सेकंद लेबलच्या नावाला. आता पहिल्या आवर्तनात चार-चार मात्रांचे चार शॉट ठेवा: सूत, माग, धोटा, विणकराचे हात. दुसऱ्यात दोन-दोन मात्रांचे आठ शॉट, कुर्ते घातलेली माणसं. संगीत तेच, पण कटांची दुगुण झाली. तिसऱ्यात आठ-आठ मात्रांचे दोनच शॉट, पूर्ण ठाय. पाहणाऱ्याला कापडाचा पोत दिसतो तो याच शेवटच्या दोन शॉटमध्ये, कारण त्याआधी डोळा धावलेला असतो.

एडिटरला तबल्याची भाषा येत नसेल तर मात्रांशेजारी सेकंद लिहा: ३.२, १.६, ६.४. आणि एक सूचना जरूर द्या, की प्रत्येक कट ठोक्यावर नको. आवर्तन बदलतं तिथे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कट हवाच, बाकी ठिकाणी हालचाल पुरी होईल तिथे दोन-चार फ्रेम मागेपुढे चालेल. सगळेच कट ठोक्यावर पडले तर कवायत वाटते.

हिशोब केलात तर हे एकूण चौदा शॉट होतात. तुम्ही 'दृश्यांची यादी' दिली होती. दृश्य म्हणजे सीन, त्यात अनेक शॉट असतात. इथे 'शॉट' हाच शब्द ठेवा, मराठी सेटवरही तोच चालतो. खरी अडचण यादीतल्या वाक्यांची असते. बहुतेक जण 'कापडाचा पोत, क्लोजअप' असं लिहितात. हे नाम आहे. नामाला सुरुवात आणि शेवट नसतो आणि एडिटरला नेमकं तेच हवं असतं, कुठून घ्यायचं आणि कुठे तोडायचं. त्याला पासून-पर्यंत असलेलं क्रियापद द्या:

शॉट १३. फाइल `C0047.MP4`. बाही दुमडायला घेते तिथपासून हात खाली येईपर्यंत. ६.४ सेकंद, मूळ वेगात. कापडाची सळसळ ऐकू येऊ दे.

अशा ओळीवर एडिटरला फोन करून विचारावं लागत नाही. हालचाल ६.४ सेकंदांत मावत नसेल तर तेही तुम्हाला यादी लिहितानाच कळतं, कारण फाइल उघडून मोजल्याशिवाय ही ओळ लिहिताच येत नाही.

आता टोन. एडिटरच्या कानाला हा आधी रंगाचा शब्द आहे. त्यात 'उबदार' म्हटलं की तो पिवळा-केशरी वाढवणार. मराठीत उबदार असते ती गोधडी किंवा शाल. माणसांबद्दल आपण आपुलकी म्हणतो, जिव्हाळा म्हणतो. तुम्हाला बहुधा आपुलकी हवी होती. तर दोन वेगळे मथळे करा, 'सूर' आणि 'रंग'.

सूर म्हणजे बोलण्याचा सूर: तक्रारीचा सूर, चढा सूर. व्हिडिओ कोण कोणाशी बोलतोय ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'मावशीनं ट्रंकेतलं लुगडं भाचीपुढे उलगडावं तसा सूर'. यातून एडिटरला बरंच काही कळतं. मोठी उसळणारी अक्षरं नकोत, संगीत खालच्या पट्टीत, मागाची खटखट राहू दे. 'बाज' हा शब्द मला आवडतो, पण तो शैलीचा आहे. सूर ठरला की बाज एडिटरवर सोडावा.

रंगाच्या मथळ्याखाली विशेषणच नको. कपडे विकायचे आहेत, गिऱ्हाइकानं स्क्रीनवर पाहिलेला कोरा रंग आणि पाकिटातून निघालेला कोरा रंग जुळला पाहिजे. 'माणसांच्या चेहऱ्यावर हवी ती छटा द्या, कापडाचा रंग बदलू नका' एवढं लिहा. सोबत त्या कापडाचा तुकडाच कुरिअरनं पाठवा. फोटोत कॅमेऱ्याचा रंग मिसळतो, तुकड्यात मिसळत नाही. तो एडिटरनं खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहावा, ट्यूबलाइटखाली नाही.