तो मळा, ती शाळा

"ताई, माझा मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यमात. डिस्लेक्सिया असल्याचं तपासणीत निघालं. गोष्ट सांगायला लागला की ऐकत राहावं, पण तेच वहीत लिहिताना 'मी मामा मळा गेलो' असं लिहितो. विभक्तीचा तक्ता दोन महिने पाठ करून घेतला, परीक्षेत पान कोरंच. आता रंगीत कार्डं आणि आकार वापरून शिकवा म्हणतात. या खेळात आहे तेवढं व्याकरणही राहून जाईल का, याची भीती वाटते."
— एक आई, सिडको, नाशिक

गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत दोन वर्षांपूर्वी असाच एक सहावीतला मुलगा यायचा. पहिल्या भेटीत मी त्याला आधी बोलतं केलं. घरून कसा आलास, एवढंच विचारलं. "बाबांनी मला गाडीवरून सोडलं, रविवार कारंज्यावर गर्दी होती, मग आम्ही गल्लीतून आलो." एकही प्रत्यय चुकला नाही. मग तेच पहिलं वाक्य लिहायला सांगितलं. वहीत आलं ते असं: 'बाबा मला गाडी सोडला.'

या दोन वाक्यांमधल्या अंतरातच सगळं उत्तर आहे. व्याकरण त्याच्या तोंडात पूर्ण होतं. लिहिताना मात्र प्रत्येक अक्षर आठवून काढण्यात त्याची शक्ती संपायची आणि मनात धरलेलं वाक्य तेवढ्यात विरून जायचं. 'बाबांनी'तलं 'नी' ऐकू येतं, पण ते वेगळं उचलून कागदावर ठेवायचं असतं, याची त्याला जाणीवच नव्हती. विभक्तीचा तक्ता त्याला काही देत नव्हता, कारण तो तक्ता ज्या प्रत्ययांची नावं सांगतो ते प्रत्यय त्याला शब्दात दिसतच नव्हते.

सुरुवातीला मी चुकले, तेही सांगते, म्हणजे तुमचा तो वेळ वाचेल. मारिया माँटेसोरी १९३९ ते १९४६ भारतात होत्या. त्यांच्या पद्धतीत शब्दांच्या जातींसाठी चिन्हं असतात: नामाला मोठा काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ, विशेषणाला निळा त्रिकोण, अशी बरीच. मी तो सगळा संच एकदम टेबलावर मांडला. तीन आठवड्यांत मुलाला रंग पाठ झाले आणि वही होती तशीच राहिली. त्याला 'खेळ सुरू झाला' आणि 'तू इथेच खेळ' ही दोन वाक्यं दिली तेव्हा त्याने दोन्ही ठिकाणी 'खेळ'खाली नामाचं चिन्ह ठेवलं. तो शब्दाचा रंग लक्षात ठेवत होता, वाक्यातलं काम पाहत नव्हता. शिवाय ती चिन्हं शब्दाच्या जातीसाठी आहेत आणि मराठी लिहिणारं मूल अडतं ते शब्दाच्या शेवटाशी.

मग मी तीनच वस्तू ठेवल्या. नामाला निळी आयताकृती पट्टी, क्रियापदाला लाल गोल, आणि 'ने, ला, त, वर' अशा मागून लागणाऱ्या तुकड्यांना छोटा पिवळा त्रिकोण. 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे, ते प्रत्ययात कसं घातलं, असं शाळेत विचारतील. तो भेद नंतर शिकवता येतो. सुरुवातीला मुलाला इतकंच दिसू दे की नामाला मागून काहीतरी चिकटलं. रंगासोबत आकार हवाच, कारण काही मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त, लाल-हिरव्यासारखे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. आणि एक गैरसमज दूर करते: रंगीत काचांचे चष्मे किंवा पानावर ठेवायचे रंगीत प्लास्टिक कागद यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही. त्यावर पैसे घालू नका. इथे रंगाचं काम फक्त खूण करण्याचं आहे.

पुढची अडचण मराठीची स्वतःची आहे. प्रत्यय लागायच्या आधी नाम आपलं रूप बदलतं, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो. 'मळा'ला 'त' सरळ चिकटत नाही, 'मळ्यात' होतं. यासाठी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर नामं लिहिली. पट्टीचं शेवटचं अक्षर जिथे येतं तो भाग थोडा लांब ठेवला आणि त्याच्या मागच्या बाजूला बदललेलं रूप लिहिलं. पुढे 'मळा' दिसतं, तो कान दुमडला की 'मळ्या' दिसतं, आणि मगच पिवळा त्रिकोण बसायला जागा होते. दुमडल्याशिवाय त्रिकोण बसत नाही, हे बोटांना कळतं. त्याला ते पहिल्याच दिवशी आवडलं.

दुसऱ्या दिवशी 'शाळा' आली आणि त्याने 'शाळ्यात' लिहिलं. त्याच्या बाजूने ते अगदी तर्काला धरून होतं. दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ळा', मग एक 'ळ्या' आणि दुसरा 'ळे' का? मी नियम सांगितला नाही. म्हटलं, दोन्ही शब्दांच्या आधी 'तो, ती, ते' यांतलं काय येतं ते मोठ्याने म्हण. "तो मळा. ती शाळा." थोडा थांबला आणि म्हणाला, "तो वेगळा दुमडतो, ती वेगळी दुमडते." त्यानंतर कान दुमडण्याआधी 'तो, ती, ते' मोठ्याने म्हणणं हा पक्का रिवाज झाला. एका डब्यात तो मळा, तो माळा, तो गाडा. दुसऱ्यात ती शाळा, ती वाट, ती बाग. तिसऱ्यात ती भिंत, ती विहीर, म्हणजे भिंतीवर, विहिरीत. चौथ्यात तो घाट, ते झाड, म्हणजे घाटावर, झाडाला. 'वाट' आणि 'भिंत' दोन्ही 'ती' असूनही वेगळ्या का दुमडतात, याला मुलाला सांगण्याजोगा सोपा नियम नाही. तिथे कानावरच विसंबायचं, 'वाटेत, भिंतीत' असं बोलून पाहायचं आणि त्या त्या डब्यात टाकायचं.

घरी रोज बारा मिनिटं, घड्याळ लावून, यापेक्षा जास्त नाही. आधी तो आजच्या दिवसातलं एक वाक्य बोलायचा आणि शब्दागणिक एक बोट उघडायचा. मग तेच वाक्य पट्ट्यांनी मांडायचा. मग ज्या ठिकाणी शब्द दुमडला तेवढाच तुकडा, समजा 'ळ्या', ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने तीनदा काढायचा, काढताना तोच आवाज तोंडाने म्हणत. शेवटी पट्ट्या झाकून वाक्य वहीत लिहायचा आणि आपणच त्रिकोणांच्या जागी पेन्सिलने खूण करायचा. झाकून लिहिणं गाळलं तर तो नुसती नक्कल करतो, आणि नक्कल सुबक असल्यामुळे घरच्यांना वाटतं की आलं. एकदा त्याच्या आईने वेळ वाचवायला नेमकी हीच पायरी सोडली होती. आठ दिवस वही स्वच्छ होती, पण कार्डाशिवाय लिहायला बसवलं की पुन्हा 'मामा मळा'.

प्रत्यय बसू लागल्यावरच मी क्रियापदाला हात घातला. तो लिहायचा, 'दादाने मिसळ खाल्ला.' बोलताना मात्र 'मिसळ खाल्ली.' मी त्याला लोकरीचा धागा दिला आणि म्हटलं, लाल गोल कुणाचं ऐकतो ते शोध. दादाने चिवडा खाल्ला, दादाने मिसळ खाल्ली, दादाने केळं खाल्लं. तिन्ही मांडून त्याने धागे जोडले आणि बराच वेळ पाहत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "दादाला त्रिकोण आहे म्हणून तो गप्प. ज्याला त्रिकोण नाही त्याचं ऐकतो." हा कर्मणी प्रयोग. व्याख्येतून तो त्याच्यापर्यंत कधीच पोचला नसता. 'दादाने मांजराला पकडलं' यात दोघांनाही त्रिकोण, तेव्हा गोल कुणाचंच ऐकत नाही आणि 'लं'वर थांबतो. हा भावे प्रयोग. 'दादा मिसळ खातो' यात कुणालाच त्रिकोण नाही, तेव्हा करणाऱ्याचं चालतं. हा कर्तरी. तीन प्रयोगांची नावं मी त्याला अगदी शेवटी सांगितली, तोवर तिन्हींची चित्रं त्याच्या डोळ्यांसमोर होती.

एक दिवस तो तक्रार घेऊनच आला. 'मी मिसळ खाल्ली' यात 'मी'ला त्रिकोण नाही, तो मुलगा आहे, मग 'खाल्ली' का? माझी पद्धत इथे खरोखर अपुरी पडते. उत्तर त्याच्याच घरात मिळालं. त्याची आजी निफाडकडची, ती बोलताना 'म्या सांगितलं' म्हणते. 'मी'ची तृतीयाही 'मी'च, जुन्या बोलीत 'म्या'. म्हणजे इथे त्रिकोण आहे, फक्त दिसत नाही. आम्ही 'मी, तू, आम्ही, तुम्ही' या पट्ट्यांवर तुटक रेषेने त्रिकोण काढला, खाल्लं, पाहिलं, लिहिलं अशा वाक्यांसाठी. 'मी आलो'ला तो लावायचा नाही, तिथे 'मी'च्या जागी 'दादा' ठेवून पाहायचं: 'दादाने आला' असं कुणी म्हणत नाही.

पट्ट्या कधी काढायच्या, हे तुम्हाला विचारावं लागणार नाही, तोच पट्टी न शोधता लिहू लागेल. मी आधी रंग काढला, सगळं पांढऱ्या कागदावर, आकार तेवढे ठेवले. मग फक्त पेन्सिलची छोटी त्रिकोणी खूण. मग तीही नाही. खरी परीक्षा मराठीच्या वहीत होत नाही, विज्ञानाच्या उत्तरात होते, जिथे त्याचं लक्ष व्याकरणावर नसतं. दर पंधरा दिवसांनी मी विज्ञानाच्या वहीतल्या प्रत्यय लागायच्या सलग दहा जागा मोजायचे. सुरुवातीला तीन बरोबर, चौथ्या महिन्यात आठ. ती संख्या दोन पंधरवडे हलली नाही तर समजायचं की पट्ट्या लवकर काढल्या, एक पायरी मागे जायचं.

याने काय होत नाही तेही सांगते. वाचनाचा वेग वाढत नाही, ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाही. तो मुलगा अजून 'विहिरीत'ची पहिली वेलांटी चुकवतो. अक्षर-ध्वनीचा सराव वेगळा लागतो, तो चालू ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि परीक्षेतला जादा वेळ यांची चौकशी शाळेत आत्ताच करा, दहावीपर्यंत थांबू नका.

उद्यापासून सुरू करायचं असेल तर त्याच्या बोलण्यातली पाच नामं घ्या, सगळी 'तो मळा'च्या डब्यातली. 'ती शाळा' दुसऱ्या आठवड्यात आणा. लाल गोल वाक्यात ठेवा, पण क्रियापदाच्या चुका पहिला महिना दुरुस्त करू नका. विभक्तीचा तक्ता तोवर कपाटात राहू दे.