पॅक्समध्ये नाव दुरुस्त केलं, तरी सीडीवर जुनंच नाव

> मी कुडाळच्या एका रुग्णालयात आयटीला नवीन लागलोय. रात्री आलेल्या पेशंटच्या एक्स-रेवर नाव आणि नंबर चुकीचा पडला होता. पॅक्समध्ये दुरुस्त केला, स्क्रीनवर बरोबर दिसतोय. पण सीडी काढली की त्यात जुनंच नाव येतं. पेशंटची माहिती नेमकी साठते तरी कुठे?

दोन ठिकाणी साठते, आणि तुम्ही त्यातलं एकच ठिकाण दुरुस्त केलंत. पहिलं ठिकाण म्हणजे प्रत्येक डायकॉम फाइलचं, म्हणजे एक्स-रे, सीटी मशीन ज्या साच्यात चित्र देतं त्या फाइलचं, पोट. दुसरं म्हणजे या फाइली साठवून डॉक्टरांना दाखवणाऱ्या यंत्रणेचा, पॅक्सचा, डेटाबेस.

आधी फाइलचं बघू. डायकॉम फाइल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. सुरुवातीला 128 बाइट मोकळी जागा असते, मग `DICM` ही चार अक्षरं, आणि पुढे एकामागून एक नोंदी. प्रत्येक नोंदीला टॅग असतो. `(0010,0010)` म्हणजे पेशंटचं नाव, `(0010,0020)` म्हणजे पेशंटचा नंबर. अगदी शेवटी `(7FE0,0010)` मध्ये चित्राचे पिक्सेल. सीटीचा एक काप साधारण 512 × 512 पिक्सेलचा, दर पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न केल्यास 512 केबी. त्यापुढे नाव-नंबराच्या नोंदी किरकोळ. पण 300 कापांच्या सीटीत या नोंदी 300 फाइलींत 300 वेळा लिहिलेल्या असतात, हे लक्षात ठेवा. मशीनने फाइल बनवली त्या क्षणी जे नाव टाइप झालं होतं, तेच आत कायमचं बसतं.

आता पॅक्स. फाइल आली की पॅक्स तिच्यातली मोजकी माहिती वाचून डेटाबेसमध्ये चढवतो आणि फाइल स्टोरेजवर ठेवून देतो. डेटाबेसमधली मांडणी चार पायऱ्यांची: पेशंट, त्याखाली स्टडी म्हणजे एक तपासणी, त्याखाली सिरीज म्हणजे तिच्यातला चित्रांचा एक संच, त्याखाली एकेक इमेज. स्टडी, सिरीज आणि इमेज यांना प्रत्येकी एक यूआयडी असतो, आकडे आणि टिंबांचा लांबलचक क्रमांक, जो जगात दुसऱ्या कुणाला मिळू नये असा बनवलेला असतो. पेशंटला मात्र असा यूआयडी नसतो. तिथे पॅक्स मुख्यतः तुमच्या रुग्णालयाच्या नंबरावर विसंबतो. नंबर एका अंकाने चुकला तरी पॅक्सच्या लेखी तो वेगळा माणूस.

डॉक्टर तपासण्यांची यादी उघडतात किंवा तुम्ही नाव शोधता, तेव्हा उत्तर डेटाबेसमधून येतं, फाइली उघडूनही बघितल्या जात नाहीत. तुम्ही नाव दुरुस्त केलंत तेही डेटाबेसमध्येच. बरेच पॅक्स स्टोरेजवरच्या मूळ फाइलीला हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेकडो फाइली पुन्हा लिहिताना एखादी बिघडली तर मूळ तपासणीच गेली. त्याऐवजी चांगला पॅक्स फाइल बाहेर देताना डेटाबेसमधलं नवं नाव तिच्यात भरून देतो. तुमच्याकडे नेमकी हीच पायरी सीडी काढताना होत नाहीये.

उदाहरण घेऊ. आंब्याच्या दिवसांत हे हमखास घडतं. कलमावरून पडलेली बाई रात्री येते, नोंदणीच्या खिडकीवर कुणी नाही, तंत्रज्ञ एक्स-रेच्या कन्सोलवर हातानेच `SAVANT^ANITA`, नंबर `4512` टाइप करतो. सकाळी रीतसर नोंदणी होते: `SAWANT^ANITA`, नंबर `24004512`. मग सीटी होतो, आणि त्याला माहिती नोंदणीतून थेट मशीनवर जाणाऱ्या यादीने, म्हणजे वर्कलिस्टने, येते. (नावातलं ते `^` आडनाव आणि नाव वेगळं ठेवायला असतं, ते काढू नका.) रेडिओलॉजिस्ट सीटी उघडतात तर शेजारी कालचा एक्स-रे दिसत नाही. तुम्ही दोन्ही पेशंट पॅक्समध्ये जोडता, सगळं एकत्र दिसतं. दुपारी बाईला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरतं, सीडी निघते, आणि तिकडच्या पॅक्समध्ये पुन्हा दोन बायका तयार होतात.

कुठे काय आहे ते अंदाजाने ठरवू नका, बघा. DCMTK ही मोफत साधनं संगणकावर टाका आणि सीडीवरची एक फाइल तपासा:

```
dcmdump +P PatientName +P PatientID IM000001
```

उत्तर असं आलं तर फाइल जुनीच आहे:

```
(0010,0010) PN [SAVANT^ANITA]   #  12, 1 PatientName
(0010,0020) LO [4512]           #   4, 1 PatientID
```

मग डेटाबेस काय म्हणतो ते विचारा. पत्ता, पोर्ट आणि `-aec` पुढचं नाव तुमच्या पॅक्सचं घाला:

```
findscu -S -aec PACS -k QueryRetrieveLevel=STUDY -k PatientID=24004512 -k PatientName -k StudyInstanceUID 192.168.1.20 104
```

इथे एक्स-रेची स्टडी नव्या नंबराखाली आली, तर डेटाबेस बरोबर आणि निर्यात चुकीची, हे सिद्ध झालं. हे दोन निकाल शेजारी ठेवून व्हेंडरला पाठवा आणि एकच मागणी करा: सीडी काढताना आणि दुसऱ्या यंत्रणेला पाठवताना डेटाबेसमधली माहिती फाइलीत भरली जावी. सीडीवर `DICOMDIR` नावाची अनुक्रमणिकाही असते आणि तिच्यातही पेशंटचं नाव असतं. निव्वळ फाइली सुधारून सीडी पूर्ण होत नाही, ती अनुक्रमणिका पुन्हा बनायला हवी.

दोन मोह टाळा. पहिला, डेटाबेसमध्ये थेट एसक्यूएल चालवण्याचा. पॅक्सच्या स्वतःच्या दुरुस्ती-पडद्यातूनच बदल करा, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद राहते. आणि जोडण्याआधी तंत्रज्ञाला विचारून खात्री करा. आपल्याकडे एका गावात एकाच नावाच्या तीन बायका सहज निघतात, आणि चुकीने जोडलेले पेशंट सोडवणं फार कठीण. दुसरा मोह, एक्स-रे मशीनवर नाव बदलून फाइली पुन्हा पाठवण्याचा. इमेजचा यूआयडी तोच राहिला तर कित्येक पॅक्स ती आधीच आली आहे असं समजून नवी फाइल टाकून देतात. मशीनने नवा यूआयडी दिला तर तोच एक्स-रे दोनदा दिसतो.

सोनोग्राफीबाबत आणखी एक अडचण. तिथे नाव बरेचदा चित्रातच छापलेलं असतं, म्हणजे पिक्सेलमध्ये. डेटाबेस सुधारला, नोंदी सुधारल्या, तरी चित्रावर जुनं नाव दिसतच राहील. अशी स्टडी रेडिओलॉजिस्टना दाखवून काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

रात्रीच्या वेळी कन्सोलवर हाताने टाइप करणं थांबवायचं असेल, तर अपघात विभागालाच तात्पुरती नोंदणी करता आली पाहिजे. नाव 'अनोळखी' असलं तरी चालेल, पण नंबर नोंदणीचाच हवा आणि तो वर्कलिस्टनेच मशीनवर गेला पाहिजे. नाव नंतर बदलता येतं. नंबर पहिल्यापासून एक असेल तर जोडाजोड करायची वेळच येत नाही.

जी सीडी आधीच गेली आहे तिच्यासाठी नवी सीडी पाठवून काम होईलच असं नाही. नव्या सीडीतल्या इमेजचे यूआयडी तेच असणार, त्यामुळे समोरचा पॅक्स त्या दुबार म्हणून नाकारू शकतो. तिथल्या रेडिओलॉजी विभागाला फोन करा, जुना नंबर, नवा नंबर आणि `StudyInstanceUID` कळवा, आणि त्यांच्याकडेच पेशंट जोडून घ्यायला सांगा.