वळणाच्या रस्त्यावर १० किमी मोजताना

«गावच्या १० किमीच्या शर्यतीचा मार्ग मोजायचा आहे. किनाऱ्यालगतचा घाटवळणाचा रस्ता, ५ किमी जाऊन परत. सायकलवर चाक फिरेल तसे आकडे मोजणारा काउंटर लावून डाव्या कडेने मोजलं तर चालेल ना?»

नाही चालणार. हेच करून मी पस्तावलोय.

आमचा रस्ता रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यासारखा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. परवानगी देणाऱ्या कार्यालयात विचारलं तर फोनवर उत्तर आलं, "अर्धाच रस्ता मिळेल, डावी बाजू धरा." लेखी मागितलं तर तीन हेलपाटे आणि नुसतं "बघू". मी विश्वासाने डाव्या कडेने मोजलं. शर्यतीच्या सकाळी अख्खा रस्ता बंद, मध्ये एकही ट्रॅफिक कोन नाही. पोरांनी प्रत्येक उजवं वळण आतून कापलं.

हिशोब बघा. रस्ता ६ मीटर, दोन्ही कडांपासून ३० सेंमी सोडले की उरतात ५.४ मीटर. काटकोनी उजव्या वळणावर बाहेरून जाणाऱ्याला आतल्यापेक्षा ५.४ × १.५७, म्हणजे साडेआठ मीटर जास्त पडतात. आमच्याकडे अशी वळणं १२. जाऊन परत यायचं म्हणजे प्रत्येक वळण एकदा उजवं होतंच. शंभर मीटर गायब!

म्हणून मोजणारा तिथेच जातो जिथे सर्वात हुशार धावपटू जाईल: प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमीवर, आणि एका वळणातून पुढच्या उलट वळणाकडे सरळ तिरकं. त्यासाठी वाहतूक थांबवणारा सोबती हवा, पहाटे जा. आपल्याकडे फुटपाथची कड नसते; डांबर संपून जांभ्याची माती सुरू होते. धावपटू मातीवर उतरू शकत असेल तर मातीची बाहेरची कड धरा, नाहीतर तिथे कोन आणि माणूस उभा करा. अर्धा रस्ता वापरणार असाल तर कोनची रेघ हीच कड, पण ती शर्यतीच्या दिवशी खरंच लागली पाहिजे.

काउंटरचे आकडे ठरावीक अंतराशी जुळवून सगळे बघतात, पण सकाळीच. स्टील टेपने मोजलेल्या ३०० मीटरवर चार फेऱ्या मोजणीआधी आणि चार नंतरही मारा. ऊन चढलं की टायर फुगतो. माझे सकाळी ३३४० आकडे आले, दुपारी ३३३६. एवढ्या फरकाने १० किमीत १२ मीटर. मी दोन्हींतला मोठा आकडा धरतो, अंतर कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. त्यावर १.००१ ने गुणायचं, म्हणजे किमीमागे एक मीटर जादा. ही पद्धत नियमातलीच आहे, माझी नव्हे. मी काही प्रमाणित मोजणीदार नाही. अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर तसा माणूसच बोलवा.

आणि शर्यतीनंतर कोणी घड्याळ दाखवून "१०.२ आलं" म्हणून भांडला तर वाद घालू नका. तो वळणं बाहेरून गेलाय, शिवाय झाडीत आणि कड्याखाली जीपीएस भरकटतं. घड्याळात ९.९ दाखवणारे बरेच निघाले तर मात्र कोनांच्या जागा तपासायला जा.